गणेशोत्सवाची वर्गणी आणि सजावटीचे नियम: सोसायटीच्या सचिवाने पत्र कसं लिहावं

सचिव झाल्यावर मी लिहिलेल्या पहिल्या गणपतीच्या पत्रात दोन वाक्यं अशी होती: "प्रत्येक सदनिकाधारकाने रु. १,००० वर्गणी भरणे अनिवार्य आहे. तसेच जिन्यात सजावट करू नये ही नम्र विनंती." तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकारी काकांचं टाइप केलेलं उत्तर आलं. त्यात एकच ओळ होती: "सदर रक्कम कोणत्या उपविधीनुसार अनिवार्य आहे, ते कळवावे." आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री पहिल्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर अख्खं मखर उभं राहिलं. मी बोलायला गेलो, तर त्या घरातला मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही विनंतीच केली होती ना?"

दोघंही बरोबर होते. जिथे विनंती करायची तिथे मी हुकूम सोडला होता आणि जिथे नियम सांगायचा तिथे हात जोडले होते. पुढच्या सगळ्या वर्षांत हे पत्र सुधारत नेलं ते याच एका गोष्टीवर बोट ठेवून. वर्गणी ऐच्छिक असते, ती मागायची असते. जिना, गच्ची, कॉमन मीटर या सगळ्यांच्या जागा आणि वस्तू आहेत, त्यांचे नियम मागायचे नसतात, सांगायचे असतात. एकाच कागदावर हे दोन्ही येतं, म्हणून सूर सांभाळावा लागतो.

खाली जे उदाहरण घेतलं आहे ते ठाण्या-पुण्याकडच्या साध्या सोसायटीचं आहे: दोन विंग, ४८ सदनिका, स्टिल्ट पार्किंग, पाच दिवसांचा गणपती. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे, तेव्हा तारखा त्याच धरल्या आहेत. रक्कम आपापल्या गावच्या भावाने बदलून घ्या.

पत्राच्या आधी ठराव

पत्र सहा आठवडे आधी जायला हवं, आणि त्याच्याही आधी व्यवस्थापक समितीची एक बैठक व्हायला हवी. या बैठकीत तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या: उत्सव किती दिवसांचा, अंदाजे खर्च किती, आणि सजावटीचे नियम कोणते. पत्रात "समितीच्या २६ जुलैच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे" हे पाच शब्द आले की नियम सचिवाचा राहत नाही, संस्थेचा होतो. नाहीतर तुम्हाला लाइटच्या माळा आवडत नाहीत म्हणून तुम्ही नियम केलात, असं लोक समजतात, आणि तेही जिन्यात भेटून सांगतात.

वर्गणी सक्तीची का करता येत नाही, हे सचिवाला नीट माहीत असलेलं बरं. आदर्श उपविधींत सामाजिक, सांस्कृतिक कार्यक्रम करणं हा संस्थेचा एक उद्देश म्हणून दिलेला आहे, त्यामुळे उत्सव करायला हरकत नाही. पण सभासदाकडून दरमहा कोणत्या सदरांखाली पैसे घ्यायचे त्याची यादी उपविधींत वेगळी आहे: मालमत्ता कर, पाणी, कॉमन वीज, लिफ्टची देखभाल, सिंकिंग फंड वगैरे. उत्सवाची वर्गणी त्या यादीत नाही. म्हणून ती मेंटेनन्सच्या बिलात घालू नका, न भरणाऱ्याच्या नावावर थकबाकी दाखवू नका, आणि तिच्यावर व्याज तर मुळीच लावू नका. मेंटेनन्सच्या पैशातून खड्डा भरून काढायचाच असेल, तर समितीच्या पातळीवर उरकू नका. सर्वसाधारण सभेपुढे विषय ठेवून ठराव घ्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे बहुतेक वर्षी ती गणपतीच्या आगेमागेच येते. यंदाचा ठराव यंदा उपयोगी पडत नाही. पुढच्या वर्षासाठीच तो घ्यावा लागतो.

पैसे सोसायटीच्या बँक खात्यातच घ्या, "उत्सव वर्गणी" असं वेगळं खातं लेजरमध्ये उघडून. आमच्याकडे एके वर्षी एका उत्साही कार्यकर्त्याच्या मोबाइलच्या क्यूआर कोडवर पैसे जमा झाले. माणूस अगदी प्रामाणिक, पण त्याच्या खात्यात त्याच आठवड्यात मुलाच्या क्लासची फी, आईच्या औषधांचे पैसे, सगळं मिसळलं. हिशेब जुळवायला दिवाळी उजाडली आणि बिचाऱ्याने विनाकारण बोलणी खाल्ली. बाहेरच्या दुकानदारांकडे पावतीपुस्तक घेऊन जायचा विचार असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. लोकांकडून धार्मिक कार्यासाठी वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. पाच दिवसांच्या सोसायटीच्या गणपतीसाठी तो खटाटोप नको. आपल्या गेटच्या आतच राहा.

रक्कम ठरवताना सगळे भागतात, आणि तिथेच चुकतं

आमचा अंदाज असा होतो. शाडूची दीड फुटी मूर्ती ५,५००. मंडप, ताडपत्री आणि स्टेज ९,०००. सजावट आणि रोषणाईचं सामान ४,५००. पूजासाहित्य, फुलं आणि गुरुजींची दक्षिणा ६,०००. रोजचा प्रसाद ३,०००. चौथ्या दिवशीचा महाप्रसाद, १५० पानं, १२० रुपये पान, म्हणजे १८,०००. मुलांच्या स्पर्धा आणि बक्षिसं ३,५००. विसर्जनाचा टेम्पो आणि किरकोळ २,५००. एकूण ५२,०००. गेल्या वर्षीची शिल्लक ३,२५०, म्हणजे जमवायचे ४८,७५०.

आता नवा सचिव काय करतो, तर ४८,७५० भागिले ४८ घरं करतो. उत्तर येतं साधारण १,०१५, आणि पत्रात "रु. १,०००" लिहून मोकळा होतो. पण गेल्या वर्षी वर्गणी दिली होती ३९ घरांनी. काही सदनिका बंद आहेत, काहींचा गणपती गावी असतो, काहींना द्यायचीच नसते. ३९ घरांचे हजारप्रमाणे ३९,००० होतात आणि ९,७५० कमी पडतात. ही रक्कम शेवटी तीन-चार जणांच्या खिशातून जाते, आणि मग पुढच्या वर्षी तेच तीन-चार जण समितीत यायला तयार नसतात. तेव्हा भागायचं ते गेल्या वर्षी प्रत्यक्ष देणाऱ्या घरांच्या आकड्याने. ४८,७५० भागिले ३९ बरोबर १,२५०.

पण १,२५० हा आकडा पाहून लोक दचकतात, आणि त्यांच्या कुरकुरीत तथ्य असतं. दोन म्हातारी माणसं असलेल्या घराने आणि सात माणसं जेवायला येणाऱ्या घराने सारखेच पैसे का द्यायचे? म्हणून महाप्रसाद वर्गणीतून बाहेर काढा. ५२,००० मधून १८,००० वजा केले की राहतात ३४,०००, त्यातून शिल्लक वजा जाता ३०,७५०. ३९ घरांनी भागलं तर ७८८ आणि काही पैसे. ८०० मागा. ३१,२०० जमतील, म्हणजे गरजेपेक्षा साडेचारशेच जास्त. महाप्रसादाला १२० रुपयांचं कुपन ठेवा, ज्याला जितकी पानं हवीत तितकी त्याने घ्यावीत.

कुपनाचा खरा फायदा पैशांपेक्षा आचाऱ्याला सांगायच्या आकड्यात आहे. कुपन नसताना आम्ही १५० पानं सांगायचो, एखाद्या वर्षी मसालेभाताचं अख्खं पातेलं उरायचं आणि एखाद्या वर्षी शेवटच्या पंगतीला जिलबी पुरायची नाही. आता चतुर्थीच्या आठवडाभर आधी कुपनं बंद होतात, विकलेल्या पानांत वॉचमन, सफाई कामगार आणि ऐनवेळच्या पाहुण्यांची दहा-बारा पानं मिळवायची आणि तोच आकडा आचाऱ्याला द्यायचा. ही जास्तीची पानं वर्गणीच्या खर्चात धरायची असतात, हे अंदाजपत्रक करताना विसरू नका. वरचे साडेचारशे त्याला पुरत नाहीत, तेव्हा सजावटीतले हजार रुपये त्यांच्यासाठी राखून ठेवा.

शब्द

पत्रावर "सर्व सभासद व रहिवासी" असं लिहा. भाडेकरू सभासद नसतो. नुसतं "सभासदांना कळविण्यात येते की" लिहिलं, तर वर्गणी मागायला गेल्यावर "आम्ही कुठे सभासद?" असं ऐकावं लागतं, आणि नियम दाखवायला गेलात तरी हेच उत्तर मिळतं.

वर्गणीच्या भागात "अनिवार्य", "सक्तीने", "न भरल्यास", "थकबाकीदार" हे शब्द नकोत. "अपेक्षित वर्गणी" म्हणा, आणि लगेच पुढे "कमी-अधिक रक्कमही आनंदाने स्वीकारली जाईल" असं. हे वाक्य आलं की पाचशे देणारा संकोचत नाही आणि दोन हजार देणाराही पुढे येतो. आणि एक वाक्य न चुकता लिहा: आरती आणि प्रसाद सर्वांसाठी आहे, वर्गणीचा त्याच्याशी संबंध नाही. हे लिहिलं नाही तर वर्गणी न दिलेल्या घरातली मुलं मंडपाच्या कडेला उभी राहून बघतात, पुढे येत नाहीत. मी ते पाहिलं आहे.

नियमांच्या भागात उलट. तिथे "कृपया शक्यतो", "सहकार्याची अपेक्षा" असलं काही नको. "जिन्यात कोणतीही सजावट ठेवता येणार नाही." पूर्णविराम. त्याच्यापुढे एका ओळीत कारण. कारण दिलं की नियम उद्धट वाटत नाही, आणि नियम पाळायला सांगणाऱ्या वॉचमनलाही बोलता येतं.

देणाऱ्यांची नावं आणि रकमा फलकावर लावायच्या का, यावर दर वर्षी वाद होतो. माझं मत, लावू नयेत. खर्च पै-पैचा लावा, पण कोणी किती दिले ते पावतीपुस्तकात राहू द्या. यादी लावली की न दिलेल्यांची यादी आपोआप तयार होते, आणि मग ऐच्छिक हा शब्द नावापुरता उरतो.

सजावटीचे नियम

नियम थोडे ठेवा. आमच्या एका पत्रात सतरा होते आणि ते वाचले फक्त मी, लिहिताना. आता पाच आहेत, आणि त्यातला विजेचा सगळ्यात जास्त महत्त्वाचा.

घरच्या दारावरच्या किंवा गॅलरीतल्या माळेची वीज त्या घरातूनच घ्यायची. जिन्यातला दिवा, लिफ्टची मशीन रूम, पंपाचं पॅनेल इथून कुणीही जोडणी घ्यायची नाही. मुद्दा फक्त कॉमन बिलाचा नाही. एल.ई.डी. माळ खाते किती, तर नगण्य. मुद्दा पावसाचा आहे. गणपतीत पाऊस असतोच. आमच्याकडे एका वर्षी बी विंगमधल्या कुणीतरी पंपरूममधल्या सॉकेटमधून वायर ओढून कुंपणावर माळ सोडली. वायर पुरली नाही म्हणून मध्ये दुसरी जोडली आणि जोडावर काळी टेप गुंडाळली. रात्री पाऊस आला, जोड भिजला, वीज गळायला लागली आणि ई.एल.सी.बी.ने आपलं काम केलं, म्हणजे खटका पाडला. त्याच खटक्यावर पंप होता. पहाटे वरची टाकी रिकामी, घरोघरी पाहुणे, आणि २४ घरांत पाणी नाही. आम्हाला वाटलं मोटर जळाली. पंपवाल्याला बोलावलं, त्याने मोटर तपासली, ठणठणीत होती. मग त्याची नजर खिडकीतून बाहेर गेलेल्या वायरकडे गेली. प्लग काढला, खटका वर केला, तो टिकला. पंप सुरू.

तेव्हा खटका पुन्हा पुन्हा पडत असेल, तर मोटरवाल्याला फोन करण्याआधी त्या लाइनवरचे सणाचे सगळे प्लग काढा आणि मग खटका वर करा. टिकला तर दोष माळेत किंवा जोडात आहे. एकेक प्लग परत लावत गेलं की दोषी सापडतो. तरीही पडला तर मग इलेक्ट्रिशियन. मात्र खटका पडू नये म्हणून ई.एल.सी.बी.ला बगल देऊन लाइन थेट जोडणारे महाभाग असतात. माणूस वाचवणारी तीच एक वस्तू आहे, तिला कुणीही हात लावायचा नाही, हे इलेक्ट्रिशियनला आणि उत्साही मुलांना तोंडी सांगून ठेवा. मंडपाची वीज सोसायटीच्या इलेक्ट्रिशियननेच जोडायची, ई.एल.सी.बी. असलेल्या वेगळ्या बोर्डवरून. बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, कमरेच्या उंचीवर, ताडपत्रीच्या आत. घराबाहेरच्या माळांना उघडे जोड नकोत; वायर कमी पडत असेल तर लांब माळ आणा.

जिन्याचा नियम साधा आहे. जिना आणि मजल्यावरची मोकळी जागा आग लागली तर पळायची वाट आहे. तिथे मखर, टेबल, कुंड्या, समई काही नाही. दारासमोर रांगोळी चालेल, पायरीवर नाही. पॉलिश केलेल्या पायरीवर सांडलेल्या रांगोळीवरून पाय कसा सटकतो ते आमच्या दूधवाल्याला विचारा.

खिळे आणि ड्रिल पूर्ण बंद. गच्चीच्या कठड्यावर मारलेला एक खिळा म्हणजे वॉटरप्रूफिंगला पडलेलं एक भोक. त्याचं पाणी वरच्या मजल्याच्या छताला पुढच्या पावसाळ्यात दिसतं आणि तोवर खिळा कुणाचा ते कुणालाच आठवत नाही. दोरी किंवा केबल टाय वापरायचे. मंडपाचे खांब पेव्हर ब्लॉक उकरून रोवायचे नाहीत, वाळू भरलेल्या डब्यांत उभे करायचे. हे मंडपवाल्याला ठरवतानाच सांगा, कारण त्याला खड्डा सोपा पडतो. मंडप अशा बाजूला घ्या की अग्निशमनाची गाडी आणि रुग्णवाहिका गेटमधून इमारतीपर्यंत येऊ शकेल. ज्यांची पार्किंगची जागा मंडपाखाली जाते त्यांना पत्रातून कळवू नका. आधी घरी जाऊन विचारा, त्यांची पाच दिवसांची सोय करा, मग पत्रात लिहा.

थर्माकोलच्या सजावटीला राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी कुणाच्या तरी माळ्यावर जुनं मखर असतंच. पत्रात एक ओळ पुरे.

आवाजाबद्दल लोकांना वाटतं की आपल्या आवारात आपण राजे. तसं नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम सोसायटीलाही लागू आहेत. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ तो बंद, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. सणांच्या ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण ते दिवस शासन जाहीर करतं, तुमची उत्सव समिती नाही. आम्ही सवलतीच्या भानगडीत पडत नाही. रात्री साडेनऊला स्पीकर बंद करतो. अर्धा तास हाताशी ठेवलेला बरा, कारण "एकच गाणं" म्हणणारं कुणीतरी असतंच.

दंडाची धमकी पत्रात घालू नका. दंड लावायचा अधिकार सचिवाकडे नसतो, आणि सणाच्या पत्रात तो शब्द शोभतही नाही. "झालेल्या नुकसानीच्या दुरुस्तीचा खर्च संबंधित सदनिकेस द्यावा लागेल" एवढं पुरतं.

नमुना पत्र

लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, एका पानाच्या दोन्ही बाजूंत बसेल एवढंच. पुढच्या बाजूला वर्गणी, मागे नियम.

> ________ सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित
> जावक क्र. ____  दिनांक: ३ ऑगस्ट २०२६
>
> प्रति,
> सर्व सभासद व रहिवासी
>
> विषय: गणेशोत्सव २०२६ – वर्गणी व सजावटीबाबत
>
> सप्रेम नमस्कार,
>
> यंदा आपल्या संस्थेचा गणेशोत्सव सोमवार, १४ सप्टेंबर ते शुक्रवार, १८ सप्टेंबर असा पाच दिवस साजरा होईल. व्यवस्थापक समितीच्या २६ जुलैच्या बैठकीत खर्चाचा अंदाज व सजावटीचे नियम ठरले आहेत.
>
> महाप्रसाद वगळता उत्सवाचा खर्च रु. ३४,००० अपेक्षित आहे. गेल्या वर्षीची शिल्लक रु. ३,२५० आहे. खर्चाचा तपशील सूचनाफलकावर लावला आहे. त्यानुसार प्रत्येक घराकडून रु. ८०० वर्गणी अपेक्षित आहे. वर्गणी पूर्णपणे ऐच्छिक असून कमी-अधिक रक्कमही आनंदाने स्वीकारली जाईल. कृपया रविवार, ३० ऑगस्टपर्यंत संस्थेच्या बँक खात्यात "उत्सव" व सदनिका क्रमांक लिहून जमा करावी, किंवा कार्यालयात सायंकाळी ७ ते ८ या वेळेत रोख देऊन पावती घ्यावी. संस्थेच्या खात्याव्यतिरिक्त कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर रक्कम पाठवू नये.
>
> महाप्रसाद गुरुवार, १७ सप्टेंबर रोजी रात्री ८ वाजता आहे. प्रति पान रु. १२० चे कुपन रविवार, ६ सप्टेंबरपर्यंत कार्यालयात मिळेल. रोजची आरती सकाळी ८ व रात्री ८ वाजता होईल. आरती व प्रसादास सर्वांनी यावे. वर्गणीशी त्याचा संबंध नाही.
>
> सजावटीचे नियम (सर्व सदनिकांना लागू):
> १. घराच्या सजावटीसाठी वीज स्वतःच्या घरातूनच घ्यावी. जिना, लिफ्ट व पंपरूममधून जोडणी घेता येणार नाही. पावसात वीज गळून पंप बंद पडतो व विजेचा धक्का बसू शकतो.
> २. जिन्यात व मजल्यावरील मोकळ्या जागेत कोणतीही वस्तू ठेवता येणार नाही. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा तोच मार्ग आहे. रांगोळी फक्त आपल्या दारासमोर काढावी.
> ३. भिंत, खांब व गच्चीच्या कठड्यावर खिळे मारणे किंवा ड्रिल करणे मनाई आहे. त्यामुळे गळती होते.
> ४. थर्माकोलच्या सजावटीस शासनाची बंदी आहे.
> ५. ध्वनिक्षेपक रात्री ९.३० वाजता बंद होईल.
>
> मंडपाची सजावट रविवार, २० सप्टेंबरपर्यंत व घराबाहेरील सजावट रविवार, २७ सप्टेंबरपर्यंत काढली जाईल. निर्माल्य गेटजवळील कलशातच टाकावे. सामाईक जागेचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा खर्च संबंधित सदनिकेस द्यावा लागेल.
>
> उत्सवाचा जमाखर्च रविवार, ४ ऑक्टोबर रोजी सूचनाफलकावर लावला जाईल.
>
> आपला,
> सचिव
> (व्यवस्थापक समितीकरिता)

घराबाहेरच्या सजावटीला २७ तारीख दिली आहे, कारण काही घरांत दहा दिवसांचा गणपती असतो आणि यंदा अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला येते. सरसकट २० तारीख घातली असती तर पहिला फोन त्याच घरांतून आला असता.

पत्र गेल्यावर

पत्र फलकावर लावा, प्रत्येक दारात एक प्रत टाका, आणि बाहेरगावी असणाऱ्या मालकांना ईमेल करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवाल ते पीडीएफ करून, आणि खाली लिहा की सूचना असतील तर कार्यालयात लेखी द्याव्यात. ग्रुपवर वर्गणीची चर्चा सुरू झाली की तीन तासांत गेल्या वर्षीच्या डीजेपर्यंत जाते आणि तिथून पार्किंगवर.

आठवण एकदाच करायची, २३ ऑगस्टला, तीही सगळ्यांना मिळून. कुणाच्या नावाने नाही. दारोदार जायचं असेल तर पावतीपुस्तक घेऊन दोघांनी एकत्र जावं. कुणी "नाही" म्हटलं तर "बरं, आरतीला या" म्हणून पुढचं दार गाठायचं. कारण विचारायचं नाही. आमच्याकडे एका घराने चार वर्षं वर्गणी दिली नाही. पाचव्या वर्षी त्या घरातली आजी स्वतः खाली आली आणि मूर्तीचा अख्खा खर्च आमच्याकडून घ्या म्हणाली. का, ते आम्ही तेव्हाही विचारलं नाही.

नियम मोडलेला दिसला, तर ग्रुपवर फोटो टाकू नका. पत्राची प्रत हातात घेऊन त्या घरी जा आणि क्रमांक दाखवा. "नियम दोन, काका. मखर आत घेऊ या, मी हात लावतो." मखर उचलायला आपण हात लावला की निम्मा राग तिथेच जिरतो. विजेच्या नियमाला मात्र ही गोडी नाही. पंपरूममधून गेलेली वायर दिसली की आधी प्लग काढायचा, मग बेल वाजवायची.

हिशेबाच्या कागदावर अंदाजपत्रकातल्याच क्रमाने सदरं ठेवा: अंदाज एका रकान्यात, प्रत्यक्ष खर्च शेजारी, आणि बिल क्रमांक. जास्त झालेल्या खर्चापुढे कारण लिहा. गेल्या वर्षी आमच्या मंडपापुढे अकराशे रुपये जास्त दिसत होते, कारण दुसऱ्या दिवशी ताडपत्री फाटली आणि दुसरी आणावी लागली. त्याच कागदाच्या मागे मी पुढच्या सचिवासाठी पेन्सिलीने लिहून ठेवतो, आणि कागद पत्राच्या प्रतीसोबत फाइलला लावतो. यंदा फाइल उघडली तेव्हा माझ्याच अक्षरात होतं: "ताडपत्री वीस फुटी घ्या, पंधरा पुरत नाही. मंडपवाल्याला वाळूचे डबे आठ सांगा, तो सहाच आणतो. बी विंगच्या पंपरूमला कुलूप लावा."